विश्लेषण : गृहकर्ज खात्यात अनुदान जमा झाले, मग ईएमआय तेवढाच का?

पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मधील व्याज अनुदानाची रक्कम कर्जदाराच्या बचत खात्यात येत नाही. ती थेट गृहकर्ज खात्यात वळती होते. मोबाइलवर अनुदान जमा झाल्याचा संदेश येतो, पण पुढच्या महिन्यात ईएमआय पूर्वीइतकाच कापला जातो. मग हे पैसे गेले कुठे आणि कर्जदाराचा फायदा नेमका किती, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर ईएमआयच्या आकड्यात नाही, तर शिल्लक मुद्दलाच्या रकान्यात आहे.

योजना नेमकी काय?

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेत चार घटक आहेत. त्यातील एक घटक व्याज अनुदानाचा आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांसाठी तो आहे. घराची किंमत ३५ लाख आणि कर्ज २५ लाखांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १२ वर्षांसाठी, ४ टक्के दराने अनुदान मोजले जाते. कमाल अनुदान १ लाख ८० हजार रुपये असून ते पाच वार्षिक टप्प्यांत मिळते. समान टप्पे धरले तर एका वेळी ३६ हजार रुपये.

४ टक्के अनुदान म्हणजे व्याजदर ४ टक्क्यांनी कमी होतो का?

नाही. बँकेचा दर साडेआठ टक्के असेल तर तो तेवढाच राहतो. ४ टक्के हा दर फक्त अनुदानाची रक्कम ठरवण्यासाठी वापरला जातो. ८ लाखांचे कर्ज ४ टक्के दराने १२ वर्षांत फेडायचे म्हटले तर एकूण व्याज सुमारे २ लाख ८ हजार रुपये होते. सरकार हे व्याज दरमहा थोडे थोडे न भरता त्याचे आजचे मूल्य काढते. साडेआठ टक्के दराने ते मूल्य साधारण दीड लाख येते. हीच रक्कम एकदम न देता पाच वर्षांत विभागून दिली जाते, म्हणून तिचा कमाल आकडा १ लाख ८० हजार होतो. कर्ज ८ लाखांपेक्षा कमी किंवा मुदत १२ वर्षांपेक्षा कमी असेल तर अनुदानही त्या प्रमाणात घटते. कर्ज १६ लाखांचे असले तरी हिशेब पहिल्या ८ लाखांवरच होतो.

मग शिल्लक मुद्दल कसे घटते?

एक उदाहरण घेऊ. नाशिकमधील एका कुटुंबाने २४ लाखांच्या सदनिकेसाठी १६ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे, असे समजा. ईएमआय १३ हजार ८८५ रुपये येतो. पहिल्या वर्षात हे कुटुंब बँकेत सुमारे १ लाख ६६ हजार ६०० रुपये भरते. त्यातले जवळपास १ लाख ३४ हजार ८०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून केवळ ३१ हजार ८०० रुपये कमी होतात. वर्षअखेरीस शिल्लक मुद्दल १५ लाख ६८ हजार १५६ रुपये असते.

त्या दिवशी अनुदानाचा पहिला टप्पा, म्हणजे ३६ हजार रुपये, जमा झाला असे धरू. ही रक्कम पूर्णपणे मुद्दलातून वजा होते. शिल्लक मुद्दल १५ लाख ३२ हजार १५६ रुपयांवर येते. म्हणजे वर्षभराच्या बारा ईएमआयनी मुद्दल जेवढे कमी केले, त्याहून अधिक ते एका नोंदीने कमी झाले. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत अनुदानाचे मोल जास्त असते ते यामुळेच.

पुढच्या महिन्यात काय बदलते?

ईएमआय १३ हजार ८८५ रुपयेच राहतो, पण त्याची विभागणी बदलते. अनुदान नसते तर तेराव्या ईएमआयमधले ११ हजार १०८ रुपये व्याजाचे आणि २ हजार ७७७ रुपये मुद्दलाचे असते. आता व्याज १० हजार ८५३ रुपये होते आणि मुद्दलात ३ हजार ३२ रुपये जातात. फरक २५५ रुपयांचा आहे. ३६ हजारांवरचे एका महिन्याचे साडेआठ टक्के दराने होणारे व्याज तेवढेच भरते.

२५५ रुपये ही रक्कम किरकोळ वाटते, पण ती दर महिन्याला मुद्दल थोडे अधिक खाली आणते आणि त्यामुळे त्यापुढचे व्याजही घटते. ईएमआय तोच ठेवला तर या एका टप्प्याने कर्जाची मुदत सुमारे १२ महिन्यांनी कमी होते. पाचही टप्पे दरवर्षी वेळेवर जमा झाले, तर पाच वर्षांनंतर शिल्लक मुद्दल १४ लाख १० हजारांऐवजी ११ लाख ९५ हजारांच्या आसपास असते. अनुदान १ लाख ८० हजारांचे असले तरी फरक २ लाख १५ हजारांचा पडतो. वरचे ३५ हजार म्हणजे दरम्यान वाचलेले व्याज. कर्जही जवळपास तीन वर्षे अकरा महिने आधी फिटते.

ईएमआय कमी करून घेता येतो का?

बँकेने मुदत तीच ठेवून ईएमआय नव्याने बसवला, तर पहिल्या टप्प्यानंतर तो १३ हजार ५६६ रुपये होईल. दरमहा ३१९ रुपये हातात राहतील. घरखर्चाची ओढाताण असलेल्या कुटुंबाला तेही हवे असू शकतात. मात्र व्याजात होणारी एकूण बचत मुदत घटवल्यावरच जास्त असते.

आधीच्या योजनेत लाभ घेतलेल्या शेजाऱ्याचा ईएमआय घटला आणि आपला का नाही, ही तक्रारही यातूनच येते. २०२२ मध्ये संपलेल्या जुन्या योजनेत अल्प उत्पन्न गटाला कमाल २ लाख ६७ हजार २८० रुपये एकरकमी मिळत. ६ लाखांच्या कर्जातून एवढी रक्कम एकदम वजा झाली की ९ टक्के दराने ५ हजार ३९८ रुपयांचा ईएमआय सुमारे २ हजार ४०० रुपयांनी उतरत असे. आता पैसे पाच वर्षांत विभागून येतात, त्यामुळे परिणाम ईएमआयपेक्षा मुदतीत दिसतो.

पुढचे टप्पे कशामुळे अडकू शकतात?

सर्वांत महत्त्वाची अट इथे आहे. प्रत्येक टप्पा वितरित होताना कर्ज खाते चालू असले पाहिजे आणि मुद्दलाच्या ५० टक्क्यांहून अधिक रक्कम फेडायची बाकी असली पाहिजे. वरच्या उदाहरणात ही रेषा ८ लाखांवर आहे. नेमाने ईएमआय भरणारे कुटुंब पाच वर्षांत तिच्या जवळही जात नाही. पण मधेच मोठी रक्कम भरली तर चित्र बदलते.

तिसऱ्या टप्प्यानंतर या कुटुंबाचे शिल्लक मुद्दल सुमारे १३ लाख ७८ हजार असेल. तेव्हा गावाकडची जमीन विकून आलेले ६ लाख रुपये कर्जात भरले, तर बाकी ७ लाख ७८ हजारांवर येते आणि उरलेल्या दोन टप्प्यांचे ७२ हजार रुपये हातचे जातात. तेच ६ लाख साडेसहा टक्के दराच्या मुदत ठेवीत दोन वर्षे ठेवले, तर वर्षाला ३९ हजार व्याज मिळेल. कर्जात भरले असते तर वर्षाला सुमारे ५१ हजारांचे व्याज वाचले असते. म्हणजे थांबण्याची किंमत दोन वर्षांत साधारण २४ हजार रुपये आणि ठेवीच्या व्याजावर कर लागत असल्यास तो वेगळा. तरीही ७२ हजारांपुढे ती कमीच आहे.

कमी मुदतीच्या कर्जातही हा धोका आहे. हेच १६ लाख १० वर्षांसाठी घेतले असते, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस, आधीचे चार टप्पे वजा होऊन, बाकी ७ लाख ८८ हजारांच्या आसपास येते. एक रुपयाही जादा न भरता शेवटचा टप्पा रेषेखाली जातो.

कमी दरासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत नेतानाही हिशेब करावा लागतो. जुने खाते बंद झाले की 'खाते चालू असावे' ही अट तिथेच तुटते. त्यामुळे उरलेल्या टप्प्यांचे काय होणार, हे दोन्ही बँकांकडून आधी लेखी घेणे आवश्यक ठरते. पर्याय म्हणून सध्याच्याच बँकेकडे दर कमी करून मागता येतो. त्यात खाते तेच राहते.

रक्कम योग्य जागी बसली हे कसे ओळखायचे?

कर्ज खात्याच्या उताऱ्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अनुदानाच्या नोंदीची तारीख आणि रक्कम. दुसरी, त्याच तारखेला शिल्लक मुद्दल तेवढ्याच रकमेने उतरले का. तिसरी, पुढच्या महिन्याचे व्याज घटले का. जमा रकमेला वार्षिक दराने गुणून १२ ने भागले की किती घट अपेक्षित आहे ते कळते. बँक रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजत असेल आणि रक्कम महिन्याच्या मध्यात आली असेल, तर पूर्ण फरक त्यापुढच्या महिन्यात दिसतो.

खात्यात जमा दिसते पण व्याज तसूभरही हलले नाही, तर रक्कम मुद्दलात न जाता आगाऊ ईएमआय किंवा जादा जमा म्हणून पडून असण्याची शक्यता असते. अशा वेळी शाखेत लेखी अर्ज करून ती जमा झाल्याच्या तारखेपासून मुद्दलात वळती करायला सांगावे आणि परतफेडीचे सुधारित वेळापत्रक मागावे. त्या वेळापत्रकातल्या शेवटच्या ईएमआयची तारीख जुन्या तारखेशी ताडून पाहिली की अनुदानाने कर्ज किती महिन्यांनी आखूड केले, हे कर्जदाराला स्वतःच मोजता येते.