पाच फुटांचं वर्तुळ

रोह्यातलं खालाचं कौलारू घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा खालूंना व्हीलचेअरवर बसून दोन वर्षं झाली होती. मी रविवारी पेणहून गेले, तर मिस्त्रींनी जमिनीवर चुन्याने खोल्या आखून ठेवल्या होत्या. "बाजी, खुर्ची आत जाईल, काळजी नको," ते म्हणाले. खुर्ची आत जाणार होती, पण आत गेल्यावर वळणार कुठे?

मी खिळ्याला अडीच फुटांची दोरी बांधली आणि फळ्यावर वर्तुळ काढतो तसं जमिनीवर काढलं. पाच फूट व्यासाचं. खालूंची खुर्ची सव्वीस इंच रुंद, साडेतीन फूट लांब. जागच्या जागी वळताना पुढे आलेली पावलं मोठा घेर घेतात, म्हणून इतकी जागा लागते. निजायची खोली दहा बाय बारा होती. रिकाम्या खोलीत वर्तुळ आरामात बसलं. मग विटा मांडून चार फुटी पलंग एका भिंतीला लावला आणि समोरच्या भिंतीला वीस इंच खोल कपाट. मध्ये राहिले चार फूट चार इंच. कपाट पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीकडे सरकवलं तेव्हा सहा फूट मोकळे झाले. आपण मोजमाप रिकाम्या खोलीचं करतो आणि सामान नंतर आणतो, तिथेच फसतो.

खरी अडचण न्हाणीघराची. नकाशात तीन फुटी संडास आणि शेजारी चार फुटी मोरी होती, दोन्हींची खोली साडेचार फूट. मधली भिंत काढूनही वर्तुळ बसेना. शेवटी निजायच्या खोलीला धक्का न लावता मागच्या पडवीतून अडीच फूट घेतले आणि साडेसात बाय सातची एकच जागा केली. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर घेतला, म्हणजे धरायची दांडी हाताशी येते. दुसऱ्या बाजूला खुर्ची शेजारी लावून सरकता येईल इतकी मोकळी जागा. कमोडची बैठक खुर्चीच्याच उंचीची, साधारण एकोणीस इंच. दांडीची जागा टाइल्स लावण्याआधीच ठरवली, कारण ती पक्क्या विटांच्या भिंतीत बसवावी लागते. माणूस तिच्यावर पूर्ण भार टाकतो.

वुजूसाठी बेसिनखाली पाया ठेवला नाही. गुडघे आत जावेत म्हणून खाली सत्तावीस इंच मोकळे सोडले. पाय धुवायला कमोडशेजारी नळीचा शॉवर. दारात उंबरा नाही; फरशीला जाळीकडे हलका उतार आणि दारापाशी भिंतीपासून भिंतीपर्यंत आणखी एक लांब जाळी. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. एका कोपऱ्यात थारोळं साचलं, तो कोपरा पुन्हा करून घेतला.

दरवाजा तीन फुटी हवा म्हटलं की सुतार चौकटीसकट तीन फूट धरतो. चौकटीचे पाच इंच आणि उघड्या फळीचे दीड इंच वजा केले तर वाट साडेएकोणतीस इंचांची उरते. चाकं फिरवणाऱ्या हाताची बोटं तिथे सोलतात. आम्ही साडेतीन फुटी चौकट सांगितली. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

जोतं दोन फूट उंच होतं आणि कुंडलिकेच्या गावात ते कमी करा असं मी म्हणू शकले नाही. मिस्त्रींनी आठ फुटी उतार काढला होता, फूटभर चढायला चार फूट. तो स्कूटरला चालेल, खुर्ची मात्र मागे उलटेल. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाण १:१२ आहे, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट. अंगण अठरा फुटांचं. म्हणून बारा फूट जायचं, पाच फुटी सपाट वळणावर फिरायचं आणि परत बारा फूट यायचं. माथ्यावर दारापुढेही पाच फूट सपाट, नाहीतर कडी काढताना खुर्ची मागे घसरते. खालाचा मोगरा गेला त्यात, ती आठवडाभर बोलली नाही. उताराला गुळगुळीत लादी न लावता सिमेंटवर आडव्या रेघा ओढल्या. तरी पावसाळ्यात शेवाळ खरवडावंच लागतं.

राहिलं कपाट. खालूंना खुर्चीत बसवून हात वर-खाली करायला लावला आणि भिंतीवर खडूने खुणा केल्या: खाली सोळा इंच, वर चार फूट. त्यांचे कपडे, औषधं, कुरआन शरीफ, चष्मा सगळं या दोन रेघांमध्ये. कपडे टांगायची दांडी चार फुटांवर आणली. वरच्या फळ्या खालाने गोधड्यांसाठी घेतल्या.