जंताची गोळी झाली, मग जंत पुन्हा का?

येत्या १० ऑगस्टला शाळा आणि अंगणवाड्यांत पुन्हा जंतनाशक गोळी दिली जाईल. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून पाण्यात. राजापेठेतले पालक असोत की धारणीतले, प्रश्न एकच असतो: फेब्रुवारीत गोळी झाली, आता पुन्हा कशाला?

याचे उत्तर जंताच्या प्रवासात आहे. गोलकृमीची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांतून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी मात्र ओलसर, सावलीच्या मातीत वाट पाहते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. दोघांच्याही अळ्या रक्तातून फुप्फुसात पोहोचतात, श्वासनलिकेतून घशाशी चढतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात मोठ्या होतात. अंडी पोटात गेल्यापासून गोलकृमी पूर्ण वाढायला दोन ते तीन महिने लागतात. आपली एकदाची गोळी आतड्यातल्या जंतावर काम करते. त्या दिवशी फुप्फुसात असलेल्या अळ्या तिच्यातून सहज सुटतात. शिवाय मातीतली अंडी आणि अळ्या तशाच राहतात. म्हणून दुसरी फेरी.

हा फुप्फुसातला मुक्काम डॉक्टरांनाही चकवतो. लागण झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत मुलाला कोरडा खोकला, घरघर, कधी बारीक ताप येतो. एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि घरात क्षयाची धास्ती पसरते. हे डाग काही दिवसांत जागा बदलतात आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतात. १९३२ मध्ये लॉफलर यांनी असे रुग्ण नोंदवले. आजही हे त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या वेळी शौचाची तपासणी बहुधा कोरी येते, कारण अंडी घालणारा जंत अजून तयारच झालेला नसतो. म्हणून कोऱ्या अहवालावरून जंत नाहीत असे ठरवू नये. खोकला बहुतेक वेळा आपोआप थांबतो. जंताची गोळी दोन-तीन महिन्यांनी द्यावी लागते. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, वजन घटले, तर क्षयाची तपासणी मात्र टाळू नये.

अंकुशकृमीचे खरे नुकसान रक्तात होते. त्याची एक जात आतड्याला चिकटून दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. दुसरी जात याहून बरेच कमी. पहिल्या जातीचे ४० जंत असलेल्या मुलाचा हिशेब करून पाहू. रोज ८ मिलिलिटर रक्त जाते. हिमोग्लोबिन १० असेल, तर त्यातून सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. त्यातले काही आतडे परत शोषते, तरी दीडेक मिलिग्रॅम रोज तुटीत राहते. साध्या भाकरी-वरणातून मूल दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह घेऊ शकते. मूल हळूहळू फिकट पडते, वर्गात पेंगते, खेळताना दमते. गोळीने गळती थांबते, पण गेलेले लोह परत येत नाही. म्हणून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी, तर दहा ते एकोणीसच्यांना निळी लोहगोळी दिली जाते. ती बंद पडली, तर जंतगोळीचा अर्धा फायदा वाया जातो.

महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पैकी सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. जंत हे त्याचे एक कारण. आहार, मलेरिया, सिकलसेल ही इतर. त्यामुळे गोळ्यांनंतरही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर शोध थांबवू नये.

मोहिमेच्या दोन फटी वऱ्हाडात ठळक दिसतात. मेळघाटातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. १० फेब्रुवारीला त्यांची मुले ना शाळेत असतात, ना अंगणवाडीत. सुटलेल्यांसाठी ठेवलेला दिवस जेमतेम आठवड्यावर येतो; तेव्हाही ती परतलेली नसतात. इथे तो दिवस होळीनंतर, आशाताईंच्या घरभेटीतून ठेवायला हवा. दुसरी फट म्हणजे मोठी माणसे. गोलकृमीचा भार मुलांत जास्त, पण अंकुशकृमी शेतात राबणाऱ्या प्रौढांतही भरपूर असतो, आणि शाळेची गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ती माणसे उघड्यावर शौचाला बसतील तोवर मुलांच्या पायाखालची माती दूषितच राहील.

१० तारखेला मूल आजारी असेल, तर त्या दिवशी गोळी देऊ नये. बरे झाल्यावर द्यावी. पोटात बरेच जंत असले, तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी होऊ शकते; थोडे पाणी आणि विश्रांती पुरते. आणि पावसाळाभर शेतात, अंगणात मुलाच्या पायात चप्पल असू द्या.