पडद्यावरचे दुकान, आठवड्याचा हप्ता

निवृत्तीनंतर सकाळचा एक तास मी एका संगणकखेळातील दुकान सांभाळतो. 'रेसेटिअर' हा तो जपानी खेळ 2007 साली निघाला. 2010 मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर आले. वडील कर्ज मागे ठेवून निघून गेलेले. धाकट्या रेसेटला राहत्या घरातच दुकान थाटावे लागते. सावकारी पेढीची प्रतिनिधी टिअर तिच्या सोबतीला असते.

दिवसाचे चार प्रहर. दुकान उघडले की एक प्रहर खर्ची पडतो, माल शोधायला गुहेत उतरले की दोन. गुहेत राक्षसांशी लढाई असते. ज्यांना ती रुचत नाही, त्यांनी सुरुवातीचा अनिवार्य भाग उरकून व्यापारी संघाकडून व बाजारातून माल घ्यावा.

पाच आठवड्यांचे हप्ते असे: 10,000, 30,000, 80,000, 2,00,000 आणि शेवटी 5,00,000. हप्ता दर वेळी अडीच ते तीन पटींनी वाढतो. म्हणून पहिल्या आठवड्याची विक्री तशीच चालू ठेवून भागत नाही.

नवखा येथे दर नगावरील नफ्यामागे धावतो. समजा, 1,000 मूळ किमतीची वस्तू आपण 700 ला घेतली. 1,300 सांगितले तर 600 सुटतात, पण गिऱ्हाईक घासाघीस करते आणि फार ताणले तर रिकाम्या हाताने परतते. 1,050 च्या आसपास सांगितले तर 350 च सुटतात. मात्र बहुतेक जण पहिल्याच भावाला होकार देतात. असे सौदे ओळीने जमले की व्यापारी म्हणून आपली पातळी भराभर चढते. शिवाय संतुष्ट गिऱ्हाईक पुढे अधिक पैसे घेऊन येते. मोठे हप्ते फिटतात ते त्याच्या बळावर.

दुसरी चूक मी स्वतः केली. चौथ्या हप्त्याच्या आदल्या दिवशी भाव उतरलेला पाहून जवळची जवळजवळ सारी रोकड मालात घातली. फळ्या भरल्या, गल्ला रिता झाला. हप्त्याच्या दिवशी पेढी रोकडच मोजते, फळीवरचा माल नव्हे. दुकान गेले. खेळ पुन्हा पहिल्या दिवशी नेतो, पण माल व पातळी आपल्याजवळ राहू देतो. खऱ्या कर्जदाराला एवढी सवलत मिळत नाही.

बँकेत असताना भरलेले गोदाम दाखवून हप्त्याची मुदत मागणारे किती तरी व्यापारी माझ्यासमोर बसले होते. त्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत होतो.

आता नियम असा पाळतो: आठवड्याचे पहिले चार दिवस खरेदी, पाचव्या दिवशी आवश्यक तेवढीच, शेवटचे दोन दिवस केवळ विक्री. गेल्या खेपेस पाचवा हप्ता फिटला. त्यानंतर कर्जाविना दुकान हवे तितके चालवता येते. तरीही शेवटचे दोन दिवस खरेदी करायला हात धजत नाही.