पाचाच्या पाढ्यातले गुण

जनगणनेतील वयांचे तक्ते ज्यांनी बारकाईने पाहिले आहेत, त्यांना एक चमत्कार परिचयाचा असतो. आपल्या देशात तीस वर्षांची माणसे एकोणतीस वा एकतीस वर्षांच्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस या वयांवरही असेच मनोरे उभे असतात. त्या त्या वर्षी जन्मांना बहर आला होता, असा अर्थ कोणी शहाणा माणूस लावीत नाही. ज्याला स्वतःचे वय नक्की ठाऊक नाही तो सोयीचा आकडा सांगतो आणि प्रगणक तो लिहून घेतो, इतकेच. ही प्रवृत्ती मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपल यांच्या नावाचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ या वयांतील किती जणांनी शून्य वा पाच या अंकांनी संपणारे वय सांगितले, एवढेच त्यासाठी पाहायचे. ते प्रमाण एक-पंचमांशाच्या आसपास असेल तर वये बहुधा खरी. त्याहून जितके अधिक, तितकी ती अंदाजाने सांगितलेली.

हा निकष परीक्षेच्या गुणांना लावून पाहिला, तर निकालपत्रके बरेच काही बोलू लागतील. शंभर गुणांची, वीस-वीस गुणांच्या पाच प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका घेऊ. परीक्षकाने प्रत्येक प्रश्नातील मुद्दे पाहून स्वतंत्रपणे गुण दिले, तर पाच आकड्यांची बेरीज कोणत्या अंकाने संपावी याला काही नियम उरत नाही. दहाही अंक जवळजवळ सारख्याच वेळा यावेत. म्हणजे २०० उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात पाचाच्या पटीतील गुण सुमारे ४० विद्यार्थ्यांना मिळावेत. योगायोगाने हा आकडा ३० होईल किंवा ५० होईल. त्यात आश्चर्य नाही. पण समजा, तो ९० निघाला. मग हिशेब असा होतो: सुमारे ६२ उत्तरपत्रिकांना गुण मुद्दाम पाचाच्या पटीत दिले गेले, आणि उरलेल्या १३८ नीट तपासलेल्यांपैकी एक-पंचमांश, म्हणजे २८, आपसूक त्या आकड्यांवर येऊन पडल्या. बासष्ट आणि अठ्ठावीस मिळून नव्वद. ते बासष्ट विद्यार्थी कोणते, हे यावरून कळत नाही. पण गठ्ठ्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा मोजून नव्हे, तर पाहून तपासला गेला, एवढे निश्चित कळते.

‘पाहून’ म्हणजे कसा, हे शोधायला उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावरील प्रश्ननिहाय तक्ता उपयोगी पडतो. तेथे १०, १५, ५, १०, १५ असे गुण असतील आणि बेरीज ५५ असेल, तर दोष प्रश्नाच्या पातळीवरचा आहे. परीक्षकाला उत्तरातील बरे-वाईट तीन-चार पायऱ्यांपलीकडे पाहण्याची सवड किंवा इच्छा नव्हती. पण तक्त्यात ११, ९, १३, ८, १४ असे कष्टाळू दिसणारे आकडे असून गठ्ठाभर बेरजा मात्र ५५, ४५, ६५ अशाच येत असतील, तर गोष्ट अधिक गंभीर आहे. असे पाच आकडे प्रत्येक वेळी मिळून पाचाच्या पटीतच बसावेत, हे आपोआप घडत नाही. येथे बेरीज आधी ठरली आणि नंतर ती प्रश्नांवर वाटली गेली. अशा वेळी शेवटच्या प्रश्नाच्या गुणांवर खाडाखोड अधिक आहे काय, हे पाहावे. कारण बेरीज जुळवण्याचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येते.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. पाचाच्या पटीतील प्रत्येक ढीग ढिलाईचा नसतो. उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असेल, तर ३५ वर गर्दी आणि ३३-३४ वर ओसाडी दिसणारच. ती कृपागुणांची आणि परीक्षकाच्या कनवाळूपणाची खूण. साठावरील गर्दीलाही प्रथम वर्गाचे कारण पुरते. तो निराळा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा निराळी व्हावी. म्हणून हा निकष लावताना वर्गाच्या सीमारेषांवरचे आकडे बाजूला ठेवून ४५ आणि ६५ यांसारख्यांकडे पाहावे. एखाद्या विषयात ६४ ऐवजी ६५ मिळाल्याने कोणाचे भाग्य उजळत नाही. तेथेही ढीग असेल, तर त्याला दयाबुद्धीचे नाव देता येणार नाही. प्रश्नपत्रिकेची रचनाही पाहिली पाहिजे. पाच-पाच गुणांच्या, उत्तर बरोबर किंवा चूक एवढाच निवाडा होणाऱ्या प्रश्नांची परीक्षा असेल, तर बेरजा पाचाच्या पटीतच येतील. त्यात परीक्षकाचा काय अपराध?

यावर जाणते परीक्षक एक उत्तर देतात आणि ते सहजासहजी झटकून टाकण्याजोगे नाही. निबंधवजा उत्तराला ५६ द्यावेत की ५७, हे कोणालाच सांगता येत नाही. मग ५५ लिहिणारा परीक्षक अधिक प्रामाणिक नव्हे काय? या म्हणण्याला जुना आधार आहे. हारटॉग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमधील एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतिहासाच्या, मुळात सारखेच मध्यम गुण मिळालेल्या १५ उत्तरपत्रिका १५ परीक्षकांना तपासायला दिल्या, तेव्हा चाळिसाहून अधिक निरनिराळे गुण पडले. वर्ष-दीड वर्षाने त्यांतील १४ जणांनी त्याच पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० पैकी ९२ वेळा त्यांनी आपला स्वतःचाच आधीचा निवाडा फिरवला. नापास, पास आणि विशेष पास यांतली श्रेणीच बदलली. तपासणी इतकी डळमळीत असताना एकेका गुणाची ऐट कशासाठी, असे कोणी म्हणेल.

परंतु हा युक्तिवाद परीक्षकाला सोडवतो, विद्यार्थ्याला नाही. पंचावन्न लिहिणाऱ्याच्या मनात ‘पन्नास ते साठ यांमध्ये कोठेतरी’ असे असते. गुणपत्रकावर मात्र नुसते ५५ उमटतात, आणि पुढे प्रवेशाच्या यादीत अर्ध्या टक्क्याने एक आत आणि दुसरा बाहेर होतो. ज्या विद्यार्थ्याचे काम खरोखर ५८ चे होते, त्याचे येथे नुकसान झाले आणि ५३ वाल्याचे साधले. मापकाची रेषा जाड असेल तर निकालही तितक्याच जाड रेषेने, म्हणजे श्रेणीने, द्यावा. काट्यावर पायलीचे माप घालून तोळ्याचा भाव लावणे हा व्यवहार नव्हे.

अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षेतील गुण हे मोजमापातील त्रुटीच्या दृष्टीने तपासले होते. तेव्हा हाताने हिशेब करावा लागे. आज प्रश्ननिहाय गुण संगणकात असतात. मुंबई विद्यापीठाने तर २०१७ पासून उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आणली. शेवटचे अंक मोजायला तेथे काही मिनिटे पुरतील. नियामकाने फेरतपासणीसाठी सरसकट काही उत्तरपत्रिका उचलण्याऐवजी ज्या गठ्ठ्यांत असे ढीग आहेत त्यांतून अधिक उचलाव्यात. त्यातही गठ्ठ्याच्या आरंभीच्या पन्नास आणि शेवटच्या पन्नास वेगळ्या मोजाव्यात. ढीग शेवटीच असेल तर तो थकव्याचा आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे दिवसाला द्यायच्या उत्तरपत्रिकांची संख्या कमी करणे. ढीग आरंभापासून असेल, तर तो त्या परीक्षकाचा आहे.

मात्र ही मोजणी गाजावाजा न करता व्हावी. आपले शेवटचे अंक कोणी पाहत आहे हे कळले, की ढिला परीक्षक ५५ च्या जागी ५३ आणि ५७ लिहू लागेल. तो बनावही फार काळ लपत नाही. मनाने आकडे रचणारा माणूस शून्य आणि पाच टाळतो. दोनशेंत चाळीस यावेत तेथे पंधराच आले, तर तो गठ्ठाही पुन्हा उघडावा.