थकबाकी वर्गात वाचायची नसते



फी थकली की ‘मुलांना चार शब्द ऐकावेच लागतात’, असे एका वाचकाने लिहिले आहे. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या मुलुंडमधल्या एका शाळेत माझ्या आठवीतल्या मुलीला बाईंनी भर वर्गात उभे केले आणि थकबाकीचा आकडा वाचून दाखवला. त्या दिवशी तिचा डबा भरलेलाच परत आला.

रात्री आम्ही तिला एवढेच विचारले, ‘आज काय झालं?’ मग तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख आणि तासासह वहीत उतरवले. पालकांनी आपले शब्द मुलाच्या तोंडी घातले की चौकशीत तक्रार लटकी ठरते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना पत्र दिले. कारकून म्हणाले, ‘ठेवून जा.’ आम्ही आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच निघालो. ही पोहोच नसेल, तर शिक्षण निरीक्षकांपुढे ‘पत्र मिळालेच नाही’ एवढे उत्तर शाळेला पुरते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मानसिक छळालाही मनाई आहे. शाळेला माझे एवढेच सांगणे आहे: थकबाकीची नोटीस माझ्या नावे पाठवा, मी उत्तर देईन.

— एक पालक, मुलुंड