पाटी मराठी झाली, बिलाचं काय?

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा कायदा आपल्याकडे आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली होती. पाट्या बदलल्या, चांगलं झालं. पण पाटी वाचून कोणाचे पैसे वाचत नाहीत किंवा बुडतही नाहीत. पैसे वाचतात आणि बुडतात ते बिलावर, आणि ते बिल अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच आहे.

आता काही दुकानदारांनी हौसेनं मराठी बिलं छापायला सुरुवात केली आहे. हेतूबद्दल आनंद आहे, पण बऱ्याच बिलांत उलटाच कारभार दिसतो. जे जसंच्या तसं ठेवायला हवं त्याचं मराठी केलंय, आणि जे मराठीत हवं ते बारीक इंग्रजी अक्षरांत तळाशी तसंच पडलंय. या पोस्टमध्ये भांडण त्याच्याशीच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. "जीएसटीचं बिल इंग्रजीतच लागतं" असं सर्रास सांगितलं जातं. जीएसटी बिलात काय काय हवं याची यादी सीजीएसटी नियमावलीच्या नियम ४६ मध्ये आहे. त्यात इंग्रजीची सक्ती कुठेही नाही. म्हणजे वर्णन मराठीत लिहिल्यानं बिल बाद होत नाही. पण त्याच बिलातल्या काही गोष्टी पुढे पोर्टलवर जातात. तिथे त्या माणूस नाही, यंत्र वाचतं. यंत्राला भाषा नसते, ते फक्त अक्षर जुळतंय का बघतं.

उदाहरण घेऊ. एका हार्डवेअरच्या दुकानातून ठेकेदारानं पीव्हीसी पाइपचे २० नग घेतले, दर ४५० रुपये. झाले ९,०००. सूट ५००, म्हणजे कर लागणारी रक्कम ८,५००. त्यावर ९ टक्के सीजीएसटी ७६५ आणि ९ टक्के एसजीएसटी ७६५. एकूण १०,०३०.

दुकानदारानं बिल नंबर छापला "मसा/२५-२६/१४७". दिसायला छान. पण पोर्टल बिल नंबरात फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ घेतं, तेही जास्तीत जास्त १६. मग दुकानदाराचा अकाउंटंट तिथे आपल्या मनानं MS लिहितो, किंवा नुसतंच 147. ठेकेदाराच्या जीएसटी खात्यात बिल त्या नावानं उतरतं आणि त्याच्या हातातल्या कागदावर भलताच नंबर असतो. महिनाअखेरीला त्याचा सीए विचारतो, "हे बिल कुठलं?" आणि ते जुळेपर्यंत १,५३० रुपयांचं क्रेडिट अडकून पडतं. तोच नंबर A/25-26/0147 असा छापला असता तर बारा अक्षरांत काम झालं असतं, कोणाला फोन करावा लागला नसता.

म्हणून पहिली यादी, हात न लावण्याची: बिल नंबर, दोघांचे जीएसटी नंबर, एचएसएन कोड (आपल्या पाइपसाठी 3917), राज्याचा कोड (महाराष्ट्राचा 27), आणि नोंदणी प्रमाणपत्रावर जसं आहे तसं दुकानाचं नाव. मराठी नाव वर मोठ्या अक्षरांत जरूर छापा, पण प्रमाणपत्रावरचं नाव त्याखाली असू द्या. "नग" खुशाल लिहा, शेजारी पोर्टलचं NOS राहू द्या.

आणि आकडे. इथे अनेकांना राग येईल, पण ऐका. देवनागरी आकडे आपले आहेत, पुस्तकात, मासिकात, लग्नपत्रिकेत हवेतच. बिलावर मात्र एकाच कागदावर दोन्ही आकडे आले की घात होतो. आपला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, आपला ४ इंग्रजी 8 सारखा. घाईत हातानं लिहिलेलं "१०" हे 90 वाचलं जाऊ शकतं. म्हणून संपूर्ण बिलात आकडे एकाच पद्धतीचे ठेवा, आणि पोर्टलला इंग्रजी लागतात म्हणून तेच ठेवा. मराठी कुठे आणायची? अक्षरी रकमेत: "अक्षरी रुपये दहा हजार तीस फक्त." ही ओळ खाडाखोड करून सहज बदलता येत नाही आणि आजीलाही वाचता येते. आकड्यांबद्दलचा सगळा अभिमान या एका ओळीत दाखवा.

आता दुसरी यादी, जी मराठीत हवीच: मालाचं वर्णन, सूट कशावर दिली, कर कोणाचा किती, वॉरंटी किती महिने आणि कशाची नाही, माल परत करण्याची अट, तक्रार कुठे करायची.

खरी मेख इथेच आहे. बिलाच्या तळाशी इंग्रजीत एक वाक्य ठरलेलं असतं, त्याचा मराठी अर्थ "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) काय म्हणतं? सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे पाइप फुटका निघाला तर त्या छापील वाक्याच्या आड लपता येत नाही. हे वाक्य मराठीत ठळक छापलं तर पहिलाच ग्राहक विचारेल, "अहो, फुटका निघाला तरी नाही घेणार?" तो प्रश्न टाळायची सोय इंग्रजी करून देते. ओम, शुभ-लाभ, "आपले स्नेहांकित" हे सगळं मराठीत आणि अटी तेवढ्या इंग्रजीत. याला मराठीचं प्रेम म्हणायचं का?

"सॉफ्टवेअर मराठी घेत नाही" हे कारणही पुरत नाही. अडचणी खऱ्या आहेत, पण सुटणाऱ्या आहेत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कचरा होतं, म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा. छोट्या थर्मल प्रिंटरवर मराठीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली तर प्रिंट मजकुराऐवजी चित्र म्हणून पाठवायची सेटिंग शोधा. तेही जमलं नाही तर अटी बिलाच्या कागदावर आधीच छापून घ्या, त्या काही रोज बदलत नाहीत.

व्यापारी मित्रांनो, पुढचं बिलबुक छापायला टाकाल तेव्हा प्रेसवाल्याला दोन्ही याद्या द्या. आणि ग्राहकांनो, पुढच्या खरेदीला बिलाच्या तळाशी बोट ठेवून एवढंच विचारा, "हे मराठीत काय लिहिलंय?" दुकानदाराला उत्तर मोठ्यानं देता आलं नाही, तर ती अट तिथे का छापली आहे ते तुम्हाला कळेल.