अहवाल त्याचा, शिक्षा तिला

‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द आपल्याकडे बाईसाठीच वापरले जातात. मूल न होण्याचं कारण पुरुषात असू शकतं हे मानायचीच तयारी नसल्यामुळे त्याच्यासाठी वेगळा शब्दही रुळलेला नाही. वेळ आलीच तर लोक ‘नामर्द’ म्हणतात. पण त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. संबंध न जमणं ही एक गोष्ट आणि वीर्यात शुक्राणू नसणं ही दुसरी. वीर्याचा फार थोडा भाग शुक्राणूंचा असतो, बाकीचा द्रव इतर ग्रंथींतून येतो. त्यामुळे शुक्राणू अजिबात नसले तरी पुरुषाला स्वतःत काही फरक जाणवत नाही. त्याच्या हातात प्रयोगशाळेचा कागद पडतो तेव्हा तो ‘शुक्राणू नाहीत’ असं वाचतो आणि मनात ‘मी पुरुषच नाही’ असं ऐकतो. आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका जोडप्याच्या निमित्ताने मला हा गोंधळ किती महाग पडतो ते नीट दिसलं. दोघांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने त्यांची हकिगत सांगते.

शहादा तालुक्यातलं आदिवासी कुटुंब. लग्नाला सहा वर्षं झालेली. आमच्याकडे आधी बाई आली. घरात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. सहा वर्षांत तिच्यावर काय काय झालं होतं! भगताचे उतारे झाले, दोनदा पिशवी साफ करून झाली, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला. त्यासाठी शेळ्या विकल्या. गावात एकीने तिला डाकीण ठरवायची भाषाही केली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकांना या शब्दातली धमकी समजावून सांगायला नको.

नवऱ्याची तपासणी झाली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “त्यांना काय झालंय ताई?”

तपासणी वर्षापूर्वीच झाली होती. अहवालात शुक्राणूंची संख्या शून्य होती. भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात, चार माणसांदेखत, “दोष तुमच्यात आहे” एवढं एक वाक्य ऐकवून कागद त्याच्या हातात दिला गेला होता. तो कागद त्याने वर्षभर लपवला. दारू वाढली, बोलणं तुटलं. दुसऱ्या लग्नाला तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

हे दुसरं लग्न कायद्यानेही सहज अडत नाही. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी चालते. म्हणजे देज देऊन दुसरी मुलगी आणली असती, तिलाही मूल झालं नसतं आणि एका कागदापायी दोन बायका वांझ ठरल्या असत्या. म्हणून माझं म्हणणं असं, की पुरुषाचं हे दुःख खरं असलं तरी त्याचं मौन ही त्याची खाजगी बाब राहत नाही. ते मौन तिच्या अंगावर येतं.

पण केवळ दटावून हे मौन सुटत नाही. आमच्या पावरी बोलणाऱ्या पुरुष सहकाऱ्याने आधी त्याला एकट्याला भेटायला बोलावलं. पहिल्या भेटीत मूल कसं होईल हा विषयच काढला नाही. झोप लागते का, कागदाबद्दल कोणाला ठाऊक आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारलं. दुसऱ्या भेटीत ‘नामर्द’ आणि ‘शुक्राणू नसणे’ यांतला फरक चित्र काढून समजावला. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. बायकोला सांगायचं की नाही, हे आम्ही त्याच्यावर सोडलं. आम्ही परस्पर सांगणार नाही असा शब्द दिला. मात्र ती गोष्ट लपवून दुसरं लग्न होत असेल तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहणार नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या भेटीत त्याने तिला स्वतः सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, “मग माझा एक्स-रे कशाला काढला?” याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

दरम्यान तपासणी पुन्हा करायला लावली, कारण एका अहवालावरून निकाल लागत नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध नसावा, सगळं वीर्य भांड्यात आलेलं असावं आणि नमुना तासाभरात तपासला जावा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून मोठा ताप येऊन गेला तर पुढचे दोन-तीन महिने संख्या घटलेली दिसते. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनेही संख्या उतरते. ती गोळी मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगायलाच हवी.

याचा दुसरा अहवालही शून्यच आला. शून्य संख्येचं कारण दोन ठिकाणी असू शकतं. एक तर वाट बंद असते, म्हणजे शुक्राणू बनतात पण बाहेर येत नाहीत, तिथे उपाय निघू शकतो. नाहीतर ते बनतच नाहीत. अंडकोशांची तपासणी आणि रक्तातल्या एफएसएच या संप्रेरकाची चाचणी यांवरून त्याचा बराचसा अंदाज येतो. याचं एफएसएच खूप वाढलेलं होतं. सोळाव्या वर्षी गालगुंड झाले तेव्हा दोन्ही अंडकोश सुजले होते, हेही त्याला विचारल्यावर आठवलं. स्वतःच्या शुक्राणूंपासून मूल होण्याची आशा फार थोडी, असं डॉक्टरांनी सांगितलं. दात्याचे शुक्राणू, दत्तक मूल किंवा दोघांचंच घर, असे तीन रस्ते उरले. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. पण त्याने आईला स्वतः सांगितलं आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबली.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने नोंदणीकृत केंद्रांवर समुपदेशनाचं बंधन घातलं. दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचे, दोघांची लेखी संमती हवी आणि जन्मणाऱ्या मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क, असंही तो सांगतो. पण आमच्या या माणसाला कागद मिळाला त्या दिवशी तो असल्या केंद्राच्या वाटेलाही लागलेला नव्हता. सर्वांत वाईट घटका असते ती पहिला अहवाल हातात पडण्याची, आणि तिथे शेजारी कोणीच नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. बाईच्या अंगाला हात लावण्याआधी पुरुषाची ही स्वस्त, न दुखणारी तपासणी व्हावी. अहवाल बंद खोलीत, त्याच्या बोलीत समजावून दिला जावा आणि पुढची भेट त्याच दिवशी ठरावी. गावच्या दवाखान्यात दिसण्याची लाज वाटत असेल त्याच्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि तोवर घरात जिला टोमणे ऐकावे लागतात तिने हे ध्यानात ठेवावं, की मूल नाही म्हणून हिणवणं हा २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने छळ ठरवला आहे. अहवाल कोणाचाही असो, कायदा तिच्या बाजूने आहे.